क्रिएटिव्ह ब्रीफ लिहिताय? एजन्सीला अंदाज बांधायला लावणाऱ्या या चुका टाळा

जाहिरात एजन्सीने तीन कल्पना मांडल्या. तिन्ही देखण्या आहेत, पण एकही आपली वाटत नाही. का नाही, तेही नेमकं सांगता येत नाही. मग ‘अजून काहीतरी वेगळं दाखवा’ म्हणून बैठक संपते. दुसरी फेरी होते, तिसरी होते, आणि शेवटी सगळे थकल्यावर जी कल्पना समोर असेल ती मंजूर होते. अशा वेळी एजन्सी बदलायचा विचार आधी डोक्यात येतो. त्याआधी आपणच पाठवलेलं ब्रीफ, म्हणजे जाहिरातीतून काय हवंय ते एजन्सीला सांगणारा कागद, काढून वाचावं. २०२१ मध्ये झालेल्या बेटरब्रीफ्स या आंतरराष्ट्रीय पाहणीत ८०% मार्केटिंगवाल्यांनी ‘आम्ही ब्रीफ चांगलं लिहितो’ असं सांगितलं होतं. एजन्सीतल्या लोकांपैकी १०% जणांनाच ते पटलं.

ब्रीफमध्ये कमी लिहिलं म्हणून गोंधळ होतो असं फारसं दिसत नाही. लिहिलेल्या ओळी काहीच नाकारत नाहीत, हे खरं दुखणं आहे. जी ओळ वाचून कॉपीरायटरला ‘म्हणजे अमुक करायचं नाही’ हे कळत नाही, ती असून नसल्यासारखी. खालच्या प्रत्येक चुकीत हाच धागा आहे.

उदाहरण एकच घेऊ आणि शेवटपर्यंत तेच चालवू. समजा पुण्यातला एक लहान खाद्यउद्योग आहे. नऱ्ह्यात कारखाना, चकलीची आणि थालीपिठाची भाजणी अशी दोन मुख्य उत्पादनं. थालीपिठाच्या भाजणीचं ५०० ग्रॅमचं पाकीट १४० रुपयांना मिळतं. पेठांमध्ये आणि कोथरूडला ते चांगलं खपतं. वाकड, बाणेर, हिंजवडी या पट्ट्यात दुकानात असतं, पण पडून राहतं. जाहिरातीला ८ लाख रुपये आहेत आणि एजन्सीला पुढचं ब्रीफ गेलं आहे:

“उद्दिष्ट: ब्रँड अवेअरनेस वाढवणे व विक्रीत भरीव वाढ करणे. टार्गेट ग्रुप: २५ ते ५५ वयोगटातील स्त्री-पुरुष, पुणे, एनसीसीएस ए आणि बी. संदेश: पारंपरिक चव, उत्तम दर्जा, पौष्टिक, झटपट आणि परवडणारी भाजणी. टोन: फ्रेंडली, मॉडर्न तरीही ट्रॅडिशनल.”

यातला ‘भाजणी’ हा शब्द काढून ‘लोणचं’ घाला. ब्रीफ तसंच्या तसं चालतं. म्हणजे एजन्सीच्या हातात अजून काहीच पडलेलं नाही.

चूक पहिली: ध्येय सगळ्यात शेवटी, आणि तेही हवेत

बहुतेक ब्रीफ उत्पादनाच्या वर्णनाने सुरू होतात आणि ध्येय कुठेतरी तळाशी येतं. क्रम उलटा हवा. रसेल कॉली यांनी १९६१ मध्ये अमेरिकेतल्या जाहिरातदारांच्या संघटनेसाठी ‘डॅगमार’ ही पद्धत मांडली, तिचा गाभा आजही लागू पडतो: कोणाच्या बाबतीत, काय बदलायचं, आज ते किती आहे, किती व्हायला हवं आणि किती दिवसांत. यातलं एक जरी गळलं तर ध्येय मोजता येत नाही.

‘विक्रीत भरीव वाढ’ याला आकडा द्यायचा तर आधी पैशाचं गणित मांडावं लागतं. आपल्या उदाहरणात दुकानदाराचं आणि स्टॉकिस्टचं मार्जिन, माल आणि पॅकिंग हे सगळं वजा जाता एका पाकिटामागे कंपनीच्या हातात ४५ रुपये उरतात असं धरू. ८ लाख वसूल व्हायला साधारण १७,८०० पाकिटं जादा खपायला हवीत. कंपनी वर्षभर थांबायला तयार असेल तर महिन्याला सुमारे १,५०० जादा पाकिटं, आणि ती वाढ वर्षभर टिकायला हवी. पश्चिम पट्ट्यात १२० दुकानं आहेत, दुकानामागे महिन्याला सरासरी २५, म्हणजे ३,००० पाकिटं आज जातात. तेव्हा ध्येय ३,००० वरून ४,५००.

इथे बरेच जण थांबतात. पण कॉपीरायटरला ४,५०० पाकिटांचं काय करायचं ते कळत नाही. हाच आकडा माणसांत मांडून बघा. एका थालीपिठाला साधारण ६० ग्रॅम भाजणी लागते. दोघांच्या घरात एका जेवणाला चार थालीपिठं, म्हणजे २४० ग्रॅम. एक पाकीट दोन जेवणांत संपतं. म्हणजे महिन्यातून दोन रात्री थालीपीठ करणारी १,५०० नवी घरं मिळाली की ध्येय गाठलं. आता चित्र पालटतं. अख्ख्या पुण्याला काही पटवायचं नाही, १,५०० घरांच्या महिन्यातल्या दोन रात्री मिळवायच्या आहेत. एफएमवर शहरभर जाहिरात करायची की सोसायट्यांच्या लिफ्टमध्ये, याचाही निम्मा निर्णय इथेच होतो.

पुढचा प्रश्न: हे मोजणार कशावर? पुण्यातल्या लहान कंपन्या सहसा स्टॉकिस्टला केलेली बिलं बघतात. त्यात मोठी फसगत आहे. जाहिरात सुरू व्हायच्या सुमारास सेल्सवाले ‘बारावर एक फ्री’ अशी स्कीम लावतात, दुकानदार माल भरून ठेवतात, बिलं फुगतात आणि जाहिरात चालली असं वाटतं. दोन महिन्यांनी ऑर्डरच येत नाही, कारण माल फळीवर तसाच असतो. मोजायचं ते गिऱ्हाईकाच्या पिशवीत गेलेलं पाकीट. त्यासाठी ३० दुकानं निवडा आणि दर महिन्याच्या १ तारखेला जाऊन फळीवरची व माळ्यावरची पाकिटं मोजा. महिन्याच्या सुरुवातीचा साठा, अधिक महिन्यात आलेला माल, वजा शेवटचा साठा. उरतो तो खरा खप. सेल्समनला हे काम दुकानामागे दहा मिनिटांचं आहे.

तुलना कोणत्या महिन्यांशी, तेही ब्रीफमध्येच लिहा. फेब्रुवारी ते एप्रिलची सरासरी धरली तर मे आपोआप बाहेर राहतो. त्या महिन्यात अर्धं वाकड गावाला गेलेलं असतं. आणि आकडा फक्त थालीपिठाच्या भाजणीचा हवा. ‘भाजणी’ असा एकत्र आकडा घेतला तर दिवाळीच्या आधी चकलीच्या भाजणीची लाट येते आणि जाहिरातीचं श्रेय चकली घेऊन जाते.

पावसाळ्यात थालीपीठ तसंही जास्त होतं. मग वाढ पावसाची की जाहिरातीची? त्यासाठी शहराचा एक भाग जाहिरातीशिवाय ठेवा. खराडी, विमाननगर, वाघोली हा पट्टा वस्तीच्या दृष्टीने वाकड-हिंजवडीच्या जवळ जातो, म्हणून तुलनेला बरा. समजा पश्चिमेत खप ३,००० वरून ४,५०० झाला, म्हणजे ५०% वाढ. पूर्वेत जाहिरात नसतानाही २,००० वरून २,३०० झाला, म्हणजे १५% वाढ. मग जाहिरात नसती तरी पश्चिमेत ३,४५० पाकिटं गेलीच असती. जाहिरातीच्या खात्यावर १,५०० नव्हे, १,०५० पाकिटं जमा होतात. हे ब्रीफच्या वेळी ठरलं असेल तर नंतर वाद होत नाही. नंतर ठरवायला बसलं की प्रत्येक जण आपल्या सोयीचा आकडा उचलतो.

‘अवेअरनेस’ हवाच असेल तर तोही प्रश्नात बांधा: “रात्री उशीर झाला आणि बाहेरून मागवायचं नसेल तर पटकन काय करता?” याला ‘थालीपीठ’ असं आपणहून उत्तर देणारे शंभरात किती, हे आधी आणि नंतर विचारा. मात्र २०० जणांच्या पाहणीत चार-पाच टक्क्यांचा फरक योगायोगानेही पडतो, त्यावर पेढे वाटू नका.

चूक दुसरी: प्रेक्षक म्हणजे वयोगट

‘२५ ते ५५, स्त्री-पुरुष, एनसीसीएस ए आणि बी’ ही ओळ माध्यमांची जागा विकत घेणाऱ्याच्या कामाची आहे. घरातल्या कमावत्याचं शिक्षण आणि घरातल्या वस्तू यांवरून घरांचं एनसीसीएस हे वर्गीकरण होतं. कॉपीरायटरला त्यातून एकही वाक्य सुचत नाही, कारण त्या एका ओळीत सदाशिव पेठेतल्या ५४ वर्षांच्या काकू आणि हिंजवडीतला २६ वर्षांचा सॉफ्टवेअर टेस्टर दोघंही बसतात. काकूंना भाजणी कशी असावी हे कोणी शिकवायला नको, त्या घरी भाजून गिरणीतून दळून आणतात. टेस्टरकडे परात आहे की नाही इथपासून सुरुवात.

प्रेक्षक लिहिताना तीन गोष्टी लागतात: माणूस कोणत्या क्षणी आहे, त्या क्षणी आज तो काय करतो, आणि आपल्या वस्तूबद्दल त्याच्या मनात कोणता अडसर आहे. हे टेबलाशी बसून सुचत नाही. आठ-दहा घरांत संध्याकाळी जाऊन यावं लागतं. विचारायची पद्धतही महत्त्वाची. “थालीपीठ आवडतं का?” असं विचारलं तर सगळे हो म्हणतात. “परवा मंगळवारी रात्री काय जेवलात? ते कोणी केलं? किती वाजता?” असं विचारा. मंगळवार मुद्दाम, कारण रविवारबद्दल विचारलं की लोक चांगलंचुंगलं सांगतात. मग स्वयंपाकघरातलं भाजणीचं पाकीट दाखवायला सांगा. ते बऱ्याच घरांत असतंच, आईने किंवा सासूने दिलेलं, रबरबँड लावलेलं, मागच्या रांगेत. हे दिसलं की कळतं, अडसर चवीचा नाही आणि किमतीचाही नाही. ‘थालीपीठ म्हणजे रविवारचा घाट’ हा समज आडवा येतो.

आता सगळ्यात अवघड भाग: कोणाला सोडायचं. हिंजवडी पट्ट्यात देशभरातून आलेले लोक राहतात. त्यांच्यासाठी जाहिरात करायची तर थालीपीठ म्हणजे काय इथून सांगावं लागेल आणि मग संदेशच वेगळा होईल. सोलापूर, लातूर, नाशिक, नागपूरहून नोकरीला आलेल्या मराठी जोडप्यांना थालीपीठ माहीत आहे, फक्त ते आठवड्यात करत नाहीत. ८ लाखांत दोन्ही गट होणार नाहीत. तेव्हा ब्रीफमध्ये स्पष्ट वाक्य हवं: “ज्यांना थालीपीठ माहीत नाही, त्यांच्यासाठी ही जाहिरात नाही. घरी भाजणी करणाऱ्यांसाठीही नाही.” सेल्सवाले या वाक्याला हमखास विरोध करतात. त्यांना १,५०० घरांचं गणित दाखवा. दोन माणसांच्या एवढ्या स्वयंपाकघरांसाठी वाकड-बाणेर पुरेसं मोठं आहे.

दुरुस्त ओळ अशी होईल: “वाकड, बाणेर, हिंजवडीत राहणारी, दोघंही नोकरी करणारी, साधारण २७ ते ३८ वयाची मराठी जोडपी. रात्री आठच्या सुमारास घरी पोचतात. आठवड्यातून दोन-तीनदा बाहेरून मागवतात किंवा मॅगी-ब्रेडवर भागवतात आणि मागवल्यावर पैशाची व पोटाची दोन्ही रुखरुख लागते. भाजणी घरात आहे, पण थालीपीठ हा रविवारचा पदार्थ असं त्यांना वाटतं.”

चूक तिसरी: एका संदेशात पाच संदेश

‘पारंपरिक, दर्जेदार, पौष्टिक, झटपट, परवडणारी.’ मालकाला प्रत्येक गुण खराच वाटतो आणि एकही सोडवत नाही. एजन्सी मग तीन कल्पना आणते: एक आजीची, एक प्रोटीनची, एक घड्याळाची. तिन्ही ब्रीफला धरूनच असतात! निवड मात्र आवडीनिवडीवर होते, कारण निवडायला दुसरं मापच नसतं.

एकच संदेश निवडायला वरचे दोन रकाने मदत करतात. अडसर चवीचा नाही, मग ‘पारंपरिक चव’ गळली. किमतीचा नाही, मग ‘परवडणारी’ गळली. अडसर ‘रविवारचा घाट’ आहे, तर संदेश त्यालाच भिडायला हवा: थालीपीठ आठवड्यातल्या कुठल्याही रात्री होतं. ‘पौष्टिक’ पाकिटाच्या मागच्या बाजूला राहू द्या, तिथे ते आपलं काम करतं.

हा संदेश लिहिताना ‘आणि’ आला की थांबा. त्याच्या दोन बाजूंपैकी एक खोडा. ‘झटपट आणि पौष्टिक’ या दोन वेगवेगळ्या जाहिराती आहेत. दुसरी चाचणी फोनवरची: ज्याला या कामाची माहिती नाही अशा ओळखीच्या माणसाला ते वाक्य सांगा, दहा मिनिटं दुसरं काही बोला, मग विचारा मी काय म्हणालो होतो. जे परत येतं तेवढंच होर्डिंगवरून गाडीतल्या माणसापर्यंत पोचणार. होर्डिंगवर सहा-सात शब्द मावतात आणि २० सेकंदांच्या रेडिओ स्पॉटमध्ये ४० ते ४५. दुसऱ्या गुणाला तिथे जागाच नाही.

संदेश म्हणजे घोषवाक्य नव्हे, हेही सांभाळा. मालकाने यमक जुळवून ओळ लिहून दिली की एजन्सी तिच्याभोवती चित्रं लावत बसते. ब्रीफमधलं वाक्य साधं, जरा रुक्षच असलं तर उत्तम. त्याला गोडी आणणं हे एजन्सीचं काम, त्याचेच पैसे आपण देतो.

आता पुरावा. संदेशाखाली ‘यावर कोणी का विश्वास ठेवावा’ ही ओळ हवी, आणि तिथे घड्याळ लावून बघितलेली गोष्ट लिहा. आपल्या उदाहरणात पहिला मोह होतो ‘फक्त १५ मिनिटांत’ लिहायचा. करून बघा. कांदा-कोथिंबीर चिरणं, भाजणीत तिखट-मीठ घालून भिजवणं यात सात-आठ मिनिटं. एक थालीपीठ तव्यावर झाकण ठेवून, उलटून खरपूस व्हायला साधारण पाच मिनिटं. दोघांना चार थालीपिठं, म्हणजे एका तव्यावर वीस. पुढचं थालीपीठ आधीचं तव्यावर असताना प्लास्टिकवर थापून ठेवलं, तरी सगळं मिळून २७-२८ मिनिटं. पंधरा मिनिटं हे दोन तवे आणि सराईत हात असतील तरच. म्हणून खरा दावा अर्ध्या तासाचा: आठला घरात, साडेआठला ताटात. तो कमी आकर्षक आहे असं वाटेल, पण बाहेरून मागवलेलं जेवण दारात यायलाही साधारण तेवढाच वेळ जातो, आणि तुलना त्याच्याशीच आहे. पंधरा मिनिटांवर विश्वास ठेवून ज्या घराने साडेआठला कांदा चिरायला घेतला, ते घर पुन्हा पाकीट घेत नाही, आणि आपलं ध्येय तर महिन्यामागून महिना घेण्यावर उभं आहे.

चूक चौथी: टोन म्हणजे विशेषणांची माळ

‘फ्रेंडली, मॉडर्न तरीही ट्रॅडिशनल.’ रुक्ष आणि तुसडी जाहिरात कोणालाच नको असते, त्यामुळे ‘फ्रेंडली’ म्हटल्याने काही ठरत नाही. टोन नमुन्याच्या वाक्यांनी सांगा, एक चालणारं आणि एक न चालणारं.

मराठीत पहिला प्रश्न ‘तू’, ‘तुम्ही’ की ‘आपण’. यावर अख्ख्या जाहिरातीचा पोत ठरतो, आणि ब्रीफमध्ये तो क्वचितच सापडतो. मग होर्डिंगवर ‘तुम्ही’, इन्स्टावर ‘तू’ आणि पाकिटावर ‘आपण’ असं त्रांगडं होतं. या जोडप्यांसाठी ‘तुम्ही’ ठीक वाटतं. दोघं आहेत, म्हणून अनेकवचनही तेच, आणि सलगीचा आवही येत नाही.

दुसरी गोष्ट अपराधीपणाची. ‘आईच्या हातची चव’ ही वाट भाजणीच्या जाहिरातीत आपोआप पायाखाली येते. आठ वाजता दमून आलेल्या बाईला ती ‘तुला जमत नाही’ असं ऐकवते. ते नको असेल तर लिहा: “आईशी, सासूशी, जुन्या काळाशी तुलना नको. थापणारे हात दोघांपैकी कोणाचेही, पण एका तरी जाहिरातीत नवऱ्याचे.” चालेल असं वाक्य: “कांदा तुम्ही चिरा, थापतो मी.” चालणार नाही असं: “आठवते ना आजीच्या हातची ती माया?” या दोन ओळींतून कॉपीरायटरला पानभर विशेषणांपेक्षा जास्त कळतं.

आणि भाषेबद्दल एक वाक्य न विसरता: मूळ लेखन मराठीत, हिंदी किंवा इंग्रजी स्क्रिप्टचं भाषांतर नको. मुंबईच्या एजन्सीकडे काम असेल तर हे लेखी असावंच. ‘आता थालीपीठ बनवा आणखी सोपं’ अशा ओळी भाषांतरातूनच येतात. आपण थालीपीठ बनवत नाही, लावतो किंवा थापतो.

ज्या ओळी विसरल्या तर काम अडतं

बजेट लिहा, ‘आधी आयडिया दाखवा, मग बघू’ म्हणू नका. ८ लाखांत निर्मिती आणि माध्यमं दोन्ही धरली आहेत का, जीएसटी त्यात की वर, हेही लिहा. अंतिम सही कोणाची ते एकाच नावानिशी हवं आणि त्या माणसाने ब्रीफवर आधी सही केलेली हवी. मोठे साहेब तिसऱ्या फेरीत पहिल्यांदा काम बघतात तेव्हा ब्रीफ पुन्हा शून्यावर येतं.

खाण्याच्या वस्तूच्या जाहिरातीत कायद्याची ओळही लागते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या जाहिरात व दावेविषयक नियमांत ‘ताजं’, ‘शुद्ध’, ‘नैसर्गिक’, ‘पारंपरिक’ अशा शब्दांना अटी आहेत. आपल्या पहिल्या ब्रीफमध्ये ‘पारंपरिक’ किती सहज पडला होता बघा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. कोणते शब्द वापरायचे नाहीत ते ब्रीफमध्ये द्या, नाहीतर कल्पना मंजूर झाल्यावर ओळ बदलावी लागते आणि कल्पना लंगडी होते.

दुरुस्त झालेलं ब्रीफ

“ध्येय: वाकड, बाणेर, हिंजवडीतल्या १२० दुकानांत थालीपीठ भाजणीचा महिन्याचा खप ३,००० वरून (फेब्रुवारी ते एप्रिलची सरासरी) ऑगस्टमध्ये ४,५०० पाकिटं. म्हणजे महिन्यातून दोन रात्री थालीपीठ लावणारी १,५०० नवी घरं. मोजणी ३० दुकानांतल्या साठ्यावरून, तुलना खराडी-विमाननगर-वाघोली पट्ट्याशी. जाहिरात १ जून ते ३१ जुलै. या काळात दुकानदारांना कोणतीही स्कीम नाही.

प्रेक्षक: रात्री आठला घरी पोचणारी, दोघंही नोकरी करणारी २७ ते ३८ वयाची मराठी जोडपी. आज ते बाहेरून मागवतात. थालीपीठ आवडतं, पण तो रविवारचा घाट वाटतो. थालीपीठ माहीत नसलेले आणि घरी भाजणी करणारे यात नाहीत.

एकच संदेश: थालीपीठ आठवड्यातल्या कुठल्याही रात्री होतं.

पुरावा: एका तव्यावर, दोघांसाठी चार थालीपिठं, कांदा चिरण्यापासून ताटात येईपर्यंत अर्ध्या तासाच्या आत.

टोन: ‘तुम्ही’. दोघांतलं रोजचं बोलणं. आई-आजीशी तुलना नाही, हळवेपणा नाही. मूळ लेखन मराठीत.

बजेट ८ लाख, निर्मिती व माध्यमं धरून, जीएसटी वेगळा. टाळायचे शब्द: पारंपरिक, शुद्ध, १५ मिनिटांत. अंतिम सही: मार्केटिंग प्रमुख.”

एवढं एका पानात बसतं. ते ईमेलने पाठवून मोकळं होऊ नका. तासभर समोरासमोर बसा, पाकीट आणि तवा घेऊन जा, कॉपीरायटरला एक थालीपीठ लावू द्या. मग एजन्सीकडून दोन दिवसांत रिव्हर्स ब्रीफ मागा, म्हणजे तिला काय समजलं ते तिच्याच शब्दांत लिहून घ्या. त्यात ‘रविवारचा घाट’ हा मुद्दा हरवून ‘आरोग्यदायी पर्याय’ असं काही आलं असेल, तर गैरसमज तिथेच सापडला. कल्पनांवर तीन आठवडे खर्च होण्याआधी तो दुरुस्त करायला एक फोन पुरतो.

काम आल्यावर बिनसलं तर दोष कुठे शोधायचा

तिन्ही कल्पना तीन दिशांना पळत असतील तर संदेशाचा रकाना बघा, त्यात कुठेतरी ‘आणि’ लपलेला असतो. कल्पना एकाच दिशेने आहेत पण कोणत्याही कंपनीच्या वाटतात, तर प्रेक्षकाच्या ओळीतला अडसर पुरेसा नेमका नाही. ‘छान आहे, पण आपल्यासारखं नाही’ असं वाटत असेल तर टोनमध्ये नमुन्याची वाक्यं नव्हती. आणि बैठकीत कोणी ‘लोगो मोठा करा, पौष्टिकही टाका, फोन नंबर द्या’ असं म्हणू लागलं, तर बहुधा त्याच्या मनात वेगळंच ध्येय आहे, जे ब्रीफच्या वेळी बोललं गेलं नाही. त्याला तेव्हाच विचारा: तुम्हाला या जाहिरातीतून नेमकं काय व्हायला हवंय? उत्तर ‘नवे स्टॉकिस्ट मिळायला हवेत’ असं आलं तर ते वेगळं काम आहे, त्याला वेगळं ब्रीफ लागेल.

एजन्सीला अभिप्राय देतानाही रकान्याचं नाव घेऊन द्या. ‘मजा येत नाही’ ऐवजी ‘हे जोडपं रविवारच्या दुपारी बसलेलं दिसतंय, आपला क्षण मंगळवारी रात्री आठचा आहे’ असं म्हटलं की आर्ट डायरेक्टरला काय बदलायचं ते लगेच कळतं: खिडकीतला उजेड काढायचा, खांद्यावरची ऑफिसची बॅग ठेवायची. आणि एखाद्या रकान्यावर बोट ठेवता येत नसेल, तर तो बदल सुचवू नका. आपल्याला ब्रीफच बदलायचं असेल तर तसं सरळ सांगा, जुन्या पानावर नवी तारीख टाका, बदललेली ओळ अधोरेखित करा आणि एजन्सीला वेळ वाढवून द्या.